'असा म्हणतत' एवढे दोन शब्द

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा धोक्याचा इशारा वाडीपर्यंत पोहोचला होता का, हे मी शिरोड्याकडच्या एका म्हाताऱ्या तांडेलांना विचारलं. त्या दिवशी कोकणातल्या कितीतरी होड्या समुद्रात होत्या आणि अनेक खलाशी परत आले नाहीत, त्यामुळे हा प्रश्न अजून कुणी सहज विचारत नाही. काका पडवीत बसले होते, मागे समुद्राची गाज होती. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आता... इशारो... म्हंजे, इल्लो, असा म्हणतत. माका काय गावलो नाय." इशारा आला होता असं म्हणतात, मला काही मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या मुलाखतीतून आम्ही लोकांना ऐकवलं ते असं होतं: "इशारो इल्लो. माका काय गावलो नाय."

एकही शब्द आम्ही पदरचा घातला नव्हता. आवाज काकांचा, शब्द काकांचे, क्रमही त्यांचाच. फक्त 'आता', 'म्हंजे' आणि 'असा म्हणतत' एवढं गेलं होतं. पण त्यामुळे ऐकीव गोष्ट सांगणारा माणूस प्रत्यक्ष साक्षीदार झाला. मुलाखत वाडीतल्या फोनांवर फिरली आणि त्याच संध्याकाळी ज्यांचा भाऊ त्या दिवशी परतला नव्हता ते शेजारी काकांच्या दारात येऊन उभे राहिले. "इशारो इल्लो म्हणान तुका म्हायत व्हता, तर तेव्हा कित्याक बोललंस नाय?" काकांना ते काय बोलले ते आठवत होतं, पण समोर फोनमधून त्यांचाच आवाज वेगळं सांगत होता.

ते संपादन माझं होतं. मुलाखतीतले भरीचे शब्द काढण्याच्या कामाबद्दल मला जे वाटतं ते मी या दोन शब्दांपासून सांगतो आहे, कारण हा प्रश्न आता माझ्यापुरता राहिलेला नाही. गावोगावी तरुण मुलं वृद्धांच्या मुलाखती घेत आहेत, कॉलेजांतून मौखिक इतिहासाचे प्रकल्प होत आहेत, तालुक्याच्या बातम्या देणारे चॅनेल चालले आहेत, आणि बहुतेकांच्या हातात तेच साधन आहे जे माझ्या हातात होतं.

ते साधन काय करतं हे आधी सांगायला हवं. पूर्वी आवाजाचं संपादन म्हणजे पडद्यावरच्या नागमोडी रेषेकडे बघत, पुन्हा पुन्हा ऐकत, नेमक्या जागी कापायचं. बावन्न मिनिटांच्या मुलाखतीची वीस मिनिटं करायला माझे दोन दिवस जायचे. आता मुलाखत संगणकात टाकली की तिचा मजकूर लिहून येतो, आणि त्या मजकुरातला शब्द खोडला की आवाजातला तेवढा तुकडा आपोआप कापला जातो. डिस्क्रिप्ट या प्रोग्रामने ही पद्धत लोकप्रिय केली. २०२३ मध्ये प्रीमियर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओवाल्यांच्या नेहमीच्या प्रोग्रामांतही ती आली. मी तिच्या विरोधात नाही. जुन्या पद्धतीकडे परत जायची माझी इच्छा नाही. चाळीसाव्या मिनिटाला काका रापणीच्या जाळ्याबद्दल काय म्हणाले ते शोधायला आता मला चाळीस मिनिटं ऐकावं लागत नाही, आणि हे मोठं सुख आहे.

पण मजकूर खोडताना हाताला सवय लेख तपासण्याची असते. पडद्यावर वाक्य दिसतं. त्यात 'म्हणजे' दोनदा आलेलं खटकतं, 'आता' विनाकारण वाटतं, आणि आपण लेखातलं पाल्हाळ काढावं तसं ते काढतो. त्या क्षणी आपण वाचत असतो, ऐकत नसतो. आपण वाक्य सुधारलं असं वाटतं. प्रत्यक्षात एका माणसाच्या बोलण्यातला काही सेकंदांचा काळ आपण काढून टाकलेला असतो.

शब्द आणि आवाज यांची गाठ कशी मारलेली असते ते कळलं की धोका कुठे आहे ते दिसतं. प्रोग्राम प्रत्येक शब्दाला सुरुवातीची आणि शेवटची वेळ चिकटवतो. अमुक शब्द बारा मिनिटं चार पूर्णांक तीन सेकंदांना सुरू झाला आणि चार पूर्णांक सातला संपला, अशी ती नोंद असते. शब्द खोडला की त्या दोन वेळांमधला आवाज जातो. ही वेळ बरोबर असेल तर कट बरोबर पडतो. ती बरोबर यायची तर आधी शब्द बरोबर ओळखला गेला पाहिजे, आणि मालवणीत नेमकं इथेच बिनसतं. माझ्या प्रोग्रामात भाषा निवडायची जागा आहे, तिथे मराठी आहे, मालवणी नाही. मग 'इल्लो'चं काहीतरी भलतंच लिहून येतं, 'गावलो'च्या जागी 'गावाला' येतं, आणि चुकीच्या शब्दाला चिकटवलेली वेळही मागेपुढे सरकलेली असते. मजकूर हाताने दुरुस्त करता येतो. तो केल्यावर पडद्यावर सगळं शुद्ध दिसतं, पण खालची वेळ दुरुस्त झाली आहे की नाही ते पडद्यावरून कळत नाही.

शिवाय बोलणं मजकुरात उतरवणारी यंत्रं सगळं उतरवतच नाहीत. २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर हे मॉडेल आज अनेक ठिकाणी वापरलं जातं, आणि ते अडखळणं, 'अं', अर्धवट सोडलेला शब्द हे बऱ्याचदा लिहीतच नाही. ते ज्या तऱ्हेच्या मजकुरावर तयार झालं त्यात ही अडखळणं आधीच काढून टाकलेली असतात. म्हणजे आपण हात लावण्याआधीच मजकूर साफ झालेला असतो. काकांचा 'अं' आवाजात असतो, पडद्यावर नसतो. मग शेजारचा शब्द खोडला की तो कधी त्याच्याबरोबर निघून जातो, कधी अर्धा मागे राहतो आणि घशातून आलेल्या विचित्र हुंकारासारखा ऐकू येतो.

आता भरीच्या शब्दांकडे येतो. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी प्रोग्रामांत एक तयार यादी असते आणि एका बटणाने ते सगळे शब्द निघतात. आमच्याकडे मराठीसाठी अशी यादी नव्हती, तर आम्ही ती स्वतः केली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाने शोध लावून 'म्हणजे', 'म्हंजे', 'ना', 'आता', 'मगे', 'तर' हे सगळे एकदम निवडले आणि खोडले. बावन्न मिनिटांच्या मुलाखतीतली जवळजवळ चार मिनिटं दोन क्लिकमध्ये गेली, आणि तेव्हा आम्हाला ते फार छान वाटलं होतं. 'असा म्हणतत' या यादीत नव्हतं. ते मी नंतर स्वतःच्या हाताने काढलं, कारण पडद्यावर ते लोंबकळताना दिसत होतं.

'म्हणजे' हा मराठीतला सर्वांत जास्त बदनाम भरीचा शब्द. तो काढला की बोलणारा हुशार वाटतो अशी समजूत आहे. पण काका होडी कधी काढायची ते सांगत होते तेव्हा ते म्हणाले, "वारो पडलो म्हंजे होडी काडूची." वारा पडला की होडी काढायची असा हा नियम आहे, अनुभवातून आलेला. आमच्या साफसफाईनंतर ते झालं, "वारो पडलो. होडी काडूची." आता हा नियम राहिला नाही. ही त्या एका दिवसाची हकिगत झाली. वारा पडला, होडी काढायची ठरली. वादळाच्या दिवसाबद्दलच्या मुलाखतीत हे वाक्य आलं तर ऐकणारा काय समजेल? त्या दिवशी वारा पडला म्हणून हे लोक बाहेर गेले, असंच समजेल. काकांनी असं काहीच सांगितलं नव्हतं.

मराठीत हा एकच शब्द कितीतरी कामं करतो. तो व्याख्या करतो, 'रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं'. तो अट घालतो, वर सांगितलं तशी. तो आधी बोललेलं दुरुस्त करतो, 'चार, म्हणजे पाच जण होतो'. आणि कधीकधी तो खरंच नुसता श्वास घेण्याची जागा असतो. यातला शेवटचा काढला तर बिघडत नाही. पण चौघांचं स्पेलिंग एकच आहे, शोधाच्या चौकटीत चौघेही एकसारखेच उजळतात, आणि यंत्राला किंवा घाईत असलेल्या माणसाला फरक करता येत नाही. फरक कळतो तो स्वरावरून. नुसता भरीचा 'म्हणजे' बहुधा लांबलेला, सपाट असतो आणि त्याच्यापुढे थांबा येतो. अट घालणारा 'म्हणजे' मागच्या शब्दाला चिकटून येतो, मधे श्वास नसतो. हे कानाला सहज कळतं, डोळ्याला मुळीच कळत नाही.

'ना'ची गोष्ट तर याहून वाईट. प्रमाण मराठीत 'येतोस ना' मधला 'ना' फक्त होकार मागतो, तो गेला तर फार नुकसान नाही असं वाटू शकतं. काकांच्या पत्नी मधूनमधून बोलत होत्या. त्यांचं माहेर तेरेखोलच्या पलीकडचं, गोव्यातल्या पेडण्याकडचं. त्या दिवशी किती होड्या बाहेर होत्या, असं मी विचारलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हाका खबर ना. तीन असात." कोंकणीत 'खबर ना' म्हणजे माहीत नाही. आमच्या यादीने तो 'ना' गिळला आणि उरलं, "म्हाका खबर. तीन असात." मला माहीत आहे, तीन असतील. नकाराचा होकार झाला. हे मात्र बाहेर जाण्याआधी माझ्या कानाला खटकलं, कारण काकींच्या आवाजातली माघार आणि उरलेले शब्द जुळत नव्हते. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला एकाच घरात मालवणी, कोंकणी आणि शाळेची मराठी अशा तीन भाषा एका वाक्यात येऊ शकतात. पुण्यातल्या मुलाखतीसाठी केलेली यादी इथे लावणं म्हणजे परक्या माणसाच्या हाती कोयता देऊन बागेतलं तण काढायला सांगणं.

शब्दांइतकाच प्रश्न थांब्यांचा आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. या प्रोग्रामांत लांब थांबे आपोआप आखूड करायची सोय असते. अर्ध्या सेकंदापेक्षा मोठा थांबा दिसला की तो अर्ध्या सेकंदावर आणा, असं एकदा सांगितलं की संपूर्ण मुलाखत घट्ट होते. इशाऱ्याबद्दल मी विचारल्यावर काका जवळपास तीन सेकंद गप्प होते. प्रसारित झालेल्या तुकड्यात ते अर्ध्या सेकंदात उत्तर देतात.

दोन माणसांच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी किती वेळ लागतो हे दहा भाषांमध्ये मोजलेलं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो वेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाला. भाषांमध्ये थोडा फरक होता, पण ढोबळ चित्र एकच होतं. म्हणून तर तीन सेकंदांची शांतता आपल्याला इतकी ऐकू येते. ती ऐकणाऱ्याला सांगते की हा माणूस शब्द तोलतो आहे, किंवा त्याला सांगायला जड जातं आहे, किंवा त्याला नीट आठवत नाही. यातलं नेमकं काय हे शांततेवरून ठरत नाही, पण पुढचं उत्तर जपून घ्यायचं एवढं कळतं. ती काढली की काका तयार उत्तर घेऊन बसल्यासारखे वाटतात.

'अं' आणि 'हं' या आवाजांबद्दलही असंच काही दिसलं आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये इंग्रजी संभाषणं तपासून दाखवलं की 'अ' सारखा छोटा आवाज छोट्या थांब्याआधी येतो आणि 'अम्' सारखा आवाज मोठ्या थांब्याआधी. बोलणारा त्यातून 'थांबा, जरा वेळ लागेल' असं समोरच्याला सांगत असतो. दुसऱ्या एका गटाने २००४ मध्ये दाखवलं की असा अडखळा ऐकला की ऐकणारे आधी न आलेल्या गोष्टीची अपेक्षा करू लागतात. हे अभ्यास इंग्रजीवरचे आहेत आणि मराठीला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण अडखळणं म्हणजे बोलण्यातला कचरा, ही जी आपली सहज समजूत आहे, तिला त्यांनी चांगलाच धक्का दिला आहे. आणि आपल्या घरात बघितलं तरी हे पटतं. मुलगी फोनवर 'बरी आहे' म्हणते त्याआधी किती वेळ गेला, यावरून आई ओळखते.

एक बाजू निव्वळ कारागिरीची आहे, तीही सांगतो, कारण किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना ती रोज नडते. बंद खोलीतल्या मुलाखतीत कट लपतो. पडवीत मागे समुद्र असतो. लाट वर येते, फुटते, ओसरते, पुन्हा वर येते, आणि हे सगळं काही सेकंदांत. लाट फुटत असताना दीड सेकंद काढला तर गाज एकदम तुटून ओसरलेल्या पाण्यावर येते. ऐकणाऱ्याला काय झालं ते सांगता येत नाही, पण काहीतरी कापलंय हे जाणवतं. कटावर दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा वर आणला, तर बोलण्यातला टिचका जातो, समुद्रातली उडी जात नाही. त्यासाठी त्याच जागची, त्याच वेळची नुसती गाज वेगळी हवी आणि ती कटाखाली पसरावी लागते. म्हणून आता मुलाखत संपली की आम्ही सगळ्यांना एक मिनिट जागचं न हलता बसायला सांगतो आणि रेकॉर्डर चालू ठेवतो.

कट वाईट पडलाय हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. मजकूर बंद करायचा, हेडफोन लावायचे आणि शब्दांकडे लक्ष न देता फक्त श्वास ऐकायचा. माणूस दोनदा लागोपाठ श्वास आत घेताना ऐकू आला, तर मधलं बोलणं गेलंय. वाक्य संपताना आवाज खाली येतो. तो खाली न येताच नवीन वाक्य सुरू झालं, किंवा खाली आल्याबरोबर श्वासाशिवाय पुढचं सुरू झालं, तर तिथे सुरी फिरली आहे. "इशारो इल्लो" मध्ये मला नंतर हेच ऐकू आलं. 'इल्लो'वर काकांचा आवाज वरच राहिला होता, कारण त्यांचं वाक्य तिथे संपलेलंच नव्हतं. पुढे 'असा म्हणतत' यायचं होतं. पूर्णविराम मी मजकुरात घातला होता. आवाजाने तो कधीच घेतला नाही.

विरुद्ध बाजूने जे म्हटलं जातं ते मला पटण्यासारखं वाटतं, म्हणून ते टाळून पुढे जात नाही. पहिलं म्हणजे बोलणाऱ्याची अब्रू. अडखळत बोलणारा माणूस जगासमोर अडाणी दिसतो, आणि शहरातल्या पुढाऱ्याचं बोलणं साफ करून दाखवायचं, वाडीतल्या म्हाताऱ्याचं मात्र 'अस्सल' म्हणून जसंच्या तसं ठेवायचं, यात एक प्रकारचा अन्याय आहे. हे खरं आहे. काकांच्या सुनेनेच मला सांगितलं होतं की त्यांचं खोकणं आणि तेच तेच बोलणं काढ. दुसरं म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ. बावन्न मिनिटं कोण ऐकणार? तिसरं म्हणजे छापील मुलाखती कायमच साफ केल्या गेल्या आहेत, मग आवाजालाच वेगळा न्याय कशाला?

या तिसऱ्या मुद्द्यावर माझं मत ठाम आहे. छापील मुलाखत वाचणाऱ्याला ठाऊक असतं की हे लिहिणाऱ्याच्या हातून आलंय. कुणी 'अं' लिहीत नाही हे त्याला माहीत असतं. तिथेसुद्धा मर्यादा आहे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मासिकातल्या मुलाखतीवरून चाललेल्या बदनामीच्या खटल्यात म्हटलं की अवतरणचिन्हांतले शब्द बदलले एवढ्याने ते खोटं ठरत नाही, पण बदलामुळे अर्थात ठोस फरक पडला तर ठरू शकतं. छापील शब्दांसाठी ही कसोटी पुरेशी असेल. आवाजासाठी ती अपुरी आहे, कारण आवाज ऐकणारा त्याला पुरावा समजतो. ते शेजारी काकांच्या दारात वर्तमानपत्र घेऊन आले असते, तर काका म्हणू शकले असते की लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं. स्वतःच्या घशातून आलेला आवाज नाकारायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

अब्रू आणि वेळ या दोन्हींसाठी कापावं लागतं, आणि मी कापतो. पण वेळ वाचवायचा तर शब्द कुरतडण्यापेक्षा अख्खा प्रसंग गाळावा. काकांनी जाळ्याच्या दुरुस्तीबद्दल सहा मिनिटं सांगितलं ते गाळलं, तर कुणाच्या तोंडी भलतं काही जात नाही. चार मिनिटांचे सुटे शब्द काढण्यापेक्षा ही सहा मिनिटं काढणं प्रामाणिक आहे. अब्रूसाठी माझे स्वतःचे 'हां हां, बरोबर' काढावेत, खोकला काढावा, एकच शब्द तीनदा उच्चारला असेल तर दोनदा काढावा. 'असं म्हणतात', 'बहुतेक', 'मला वाटतं', 'असात' यांना मात्र हात लावू नये. ते भरीचे शब्द नाहीतच. माणूस आपल्या माहितीची खोली त्यांतून सांगतो, वावांनी पाण्याची खोली मोजत जावं तसं. आणि उत्तराआधीचा पहिला थांबा ठेवावा, पुढचे आखूड केले तरी चालतील.

माझी मागणी मुख्यतः साक्षीसारख्या मुलाखतींबद्दल आहे. अपघात, वादळ, जमीन, नुकसानभरपाई, मच्छीमारांचे आपसातले तंटे, जिथे कोण काय म्हणालं याला वजन आहे, तिथे यादी लावून एकगठ्ठा शब्द काढणं बंद झालं पाहिजे. एकेक कट ऐकून करावा, आणि मुलाखत बाहेर जाण्याआधी ती देणाऱ्याला त्याच्या घरी, त्याच्या भाषेत ऐकवावी. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली डिजिटल नोंद कोर्टात ठेवताना जे प्रमाणपत्र लागतं त्यात त्या फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हा फाइलवरून काढलेला एक लांबलचक आकडा असतो, आणि एक 'ना' काढला तरी तो बदलतो. उद्या काकांचं म्हणणं कुठे कामी यायचं असेल तर ती मूळ बावन्न मिनिटंच उपयोगाची आहेत, आमची सुबक वीस मिनिटं नाहीत. मुलाखत घेणाऱ्या कॉलेजांनी आणि चॅनेलवाल्यांनी हे लिहून ठरवावं. 'संपादित' एवढा एक शब्द सुरुवातीला बोलायला कुणाला जड जाऊ नये.

आम्ही ती मुलाखत मागे घेतली आणि मूळ फाइलवरून नव्याने केली. जाळ्याचा भाग गाळला, रापणीचा थोडा कमी केला. इशाऱ्याबद्दलचा प्रश्न, तीन सेकंदांची शांतता आणि संपूर्ण उत्तर तसंच ठेवलं. तेवीस मिनिटं झाली. ती घेऊन मी पुन्हा त्याच पडवीत गेलो. शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं, ते आले आणि पायरीवर बसले. काकांनी फोन कानाजवळ धरून ऐकलं, 'असा म्हणतत' आलं तेव्हा मान हलवली आणि शेजाऱ्यांकडे बघून म्हणाले, "ह्या मी बोललंय." शेजारी काही बोलले नाहीत, पण शेवटपर्यंत बसले. मग काका माझ्याकडे वळले. अठराव्या मिनिटाला खोकल्याची मोठी उबळ राहिली होती, ती काढ म्हणाले. मी ती काढली आणि खाली त्या दिवशीची गाज भरली.